सत्तर टक्क्यांची बासुंदी

सिंगापूर हे मत विचारणारं शहर आहे. लोकांचं म्हणणं गोळा करायला सरकारनं १९८५ सालीच फीडबॅक युनिट नावाचं एक खास खातं काढलं. २००६ मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं आणि ते 'रीच' झालं. पण सरकारचं सोडा, चांगी विमानतळावरच्या स्वच्छतागृहालाही तुमचं मत हवं असतं. बाहेर पडताना भिंतीवर एक पडदा दिसतो. त्यावर सफाई करणाऱ्या मावशींचा किंवा काकांचा फोटो आणि खाली खूप हसऱ्यापासून खूप रडव्यापर्यंत चेहऱ्यांची रांग. रडका चेहरा दाबला की पडदा कारण विचारतो: फरशी ओली होती का, कागद संपला होता का, कचऱ्याचा डबा भरला होता का. उत्तर दिलं की निरोप थेट मुकादमाला जातो आणि कुणीतरी फडकं घेऊन निघतं. माझी आई इथे आली की न चुकता सगळ्यात हसरा चेहरा दाबते. आपल्या बोटामुळे त्या मावशींची नोकरी जायला नको म्हणून. आत गेली नसली तरी दाबते.

आईचा तो परोपकारी हसरा चेहरा मला हल्ली वारंवार आठवतो, कारण माझ्या पोटापाण्याचा धंदा तसल्याच चेहऱ्यांचा आहे. मी एका छोट्या कन्सल्टिंग कंपनीत लिहिण्याचं काम करते. छोटी म्हणजे इतकी छोटी, की सगळ्यांनी एकदम रजा घेतली तर कंपनी बंद आहे हे कुणाला कळणारही नाही. दोन भागीदार. एक मराठी, मूळचे सांगलीचे. त्यांची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत झाली म्हणून मी त्यांना दादा म्हणते आणि ते मला 'अहो' म्हणतात. दुसऱ्या भागीदार तमिळ, इथेच जन्मलेल्या, मोजकं बोलणाऱ्या आणि हिशोबाला पक्क्या. दोघं मिळून लहान कारखाने आणि गोदामं यांना 'तुमचं काम कुठे अडतंय' हे सांगतात. ते अडतंय हे तिथल्या प्रत्येक कामगाराला आधीच ठाऊक असतं. पण कामगारानं सांगितलं तर ती कुरकुर आणि आम्ही सांगितलं तर तो अहवाल, अशी ही व्यवस्था आहे.

एका सोमवारी दादांनी माझ्यासमोर एक फाइल ठेवली. वर्षभरात गिऱ्हाइकांकडून गोळा केलेला सगळा फीडबॅक. "अहो, यातून एक झकास केस स्टडी काढा. नवीन गिऱ्हाइकाच्या हातात ठेवली की त्यानं सहीच केली पाहिजे."

फाइल उघडली. 'अतिशय व्यावसायिक टीम.' 'उत्तम सेवा, नक्की शिफारस करू.' 'गुड जॉब, थँक्यू', पुढे अंगठा. 'ओके लाह, कॅन.' पाचपैकी चार तारे, पाचपैकी चार तारे, पाचपैकी पाच तारे (हे दादांचे जुने मित्र). वाचता वाचता वाटलं, ही सगळी माणसं माझ्या आईची नातेवाईक आहेत. सगळ्यांनी हसरा चेहरा दाबलाय आणि आत कुणी गेलं होतं की नाही, देव जाणे.

फाइलीत एक आकडाही होता, त्याच्याभोवती लाल शाईनं गोल. नेट प्रमोटर स्कोअर, अधिक २०. फ्रेड रायकहेल्ड या गृहस्थांनी २००३ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये मांडलेली ही मोजपट्टी. 'आमची शिफारस कितपत कराल' याला शून्य ते दहामधला एक आकडा द्यायचा. नऊ-दहावाले चाहते, शून्य ते सहावाले नाराज आणि सात-आठवाले कुठेच नाहीत. चाहत्यांच्या टक्केवारीतून नाराजांची वजा केली की आकडा तयार. हजारो गिऱ्हाइकं असलेल्या बँकेला त्याचा उपयोग असेल. आम्हाला उत्तरं आली होती दहा. तीन चाहते, एक नाराज आणि सहा जण त्या सात-आठच्या त्रिशंकूत. म्हणजे तीस वजा दहा, वीस. आता त्या तिघांपैकी एकाचं जेवण त्या दिवशी बिघडलं असतं आणि त्यानं नवाऐवजी आठ दिले असते, तर आमचा स्कोअर एका रात्रीत निम्मा झाला असता. एका माणसाच्या पोटावर ज्याची इज्जत अवलंबून आहे असा आकडा केस स्टडीत घालायचा नाही, हे मी मनाशी ठरवून टाकलं. दादांना मात्र ते जरा टप्प्याटप्प्यानं सांगितलं.

मग फाइलीचे दोन ढीग केले. पहिल्या ढिगात विशेषणं: उत्तम, व्यावसायिक, झकास. दुसऱ्या ढिगात घटना, म्हणजे काहीतरी घडलं, अमुक दिवशी, अमुक माणसाच्या बाबतीत, असं सांगणारं वाक्य. पहिला ढीग हातभर उंच झाला. दुसऱ्यात जेमतेम काही कागद, आणि त्यातला सगळ्यात लहान कागद म्हणजे व्हॉट्सअॅपवर आलेल्या एका निरोपाची छापील प्रत होती. पाठवणारा उत्तरेकडच्या सेनोको भागातल्या एका गोदामाचा सुपरवायझर. कंपनी गोठवलेला खाद्यमाल हॉकर सेंटरमधल्या गाळ्यांना आणि छोट्या रेस्टॉरंटांना पोचवणारी. (ओळख लपावी म्हणून आकडे मी गोल केलेत आणि वेळाही थोड्या हलवल्यात.) रात्री आलेला तो निरोप एवढाच: 'आज पहिल्यांदा दहाच्या आत काम संपलं.'

त्यात आमचं नाव नाही, आभार नाहीत, अंगठाही नाही. पण आख्ख्या फाइलीत तेवढा एकच माणूस आत जाऊन आला होता.

दादांची पसंती दुसरीकडे होती. आमचं सगळ्यात खूश गिऱ्हाईक म्हणजे एक दंतवैद्य, त्यांनी पानभर कौतुक लिहून दिलं होतं. पण आम्हाला पुढची कामं हवी होती ती गोदामांची. गोदामवाल्याला दंतवैद्याचं कौतुक दाखवलं तर तो मान डोलावेल आणि मनात म्हणेल, 'यांना दात कळतात.' केस स्टडीसाठी सगळ्यात आनंदी गिऱ्हाईक निवडायचं नसतं. ज्याची अडचण पुढच्या गिऱ्हाइकाच्या अडचणीसारखी दिसते, ते निवडायचं असतं. तमिळ भागीदारबाईंनी यावर एकच शब्द उच्चारला, "सेनोको." आणि दंतवैद्य बाजूला झाले.

मग मालकांना भेटायला गेलो. साठीपुढचे चिनी गृहस्थ, सगळे त्यांना 'बॉस' म्हणतात, म्हणून आम्हीही. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून कोपी आणवली होती, वर दोरी, आत नळी. अशा भेटीत 'आमची सेवा कशी वाटली' हा प्रश्न विचारायचा नाही, हा माझा नियम आहे. तो विचारला की समोरचा विशेषणांच्या पेटाऱ्याकडे वळतो. त्याऐवजी विचारायचं: आम्हाला फोन केलात त्या दिवशी काय झालं होतं? आम्ही नसतो तर काय केलं असतंत? आमच्याबद्दल शंका काय होती? काय बदललं आणि काय बदललं नाही? प्रश्न दिवसाबद्दल असला की उत्तरही दिवसाबद्दल येतं.

बॉसनी कोपीचा घोट घेतला आणि सांगितलं. चिनी नववर्षाच्या आधीचा आठवडा होता. एका जुन्या गिऱ्हाइकाला मोठ्या फिशबॉलऐवजी लहान फिशबॉलच्या पेट्या गेल्या, त्याच गिऱ्हाइकाला, तिसऱ्यांदा. त्यानं फोनवर आवाज चढवला नाही, फक्त म्हणाला, "तुझे वडील असते तर असं झालं नसतं." त्या संध्याकाळी बॉसनी आम्हाला फोन केला. शंका काय होती? बॉस हसले. "मला वाटलं, तुम्ही येणार, स्लाइड दाखवणार, बिल देणार आणि जाणार. म्हणून मी तेव्हा एका सॉफ्टवेअरवाल्यालाही बोलावलं होतं."

दादा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं की हे वाक्य टिपून घेऊ नका. मी ते दोनदा टिपून घेतलं. आमचा पुढचा वाचक, जो अजून आम्हाला ओळखत नाही, तोही नेमकं हेच मनात म्हणत असणार. आपल्या मनातली शंका दुसऱ्या गोदामवाल्याच्या तोंडून छापलेली दिसली की माणूस पुढचं वाचतो. 'उत्तम सेवा' वाचून कुणी पान उलटत नाही.

आता आकडे. दादांनी मसुद्याचा मथळा आधीच ठरवून ठेवला होता: 'चुकीच्या डिलिव्हरी सत्तर टक्क्यांनी घटल्या!' उद्गारचिन्हासकट. त्यांचा हिशोब खोटा नव्हता. आम्हाला बोलावलं त्या जानेवारीत ९० ऑर्डरी चुकीच्या गेल्या होत्या आणि काम संपल्यावर एप्रिलमध्ये २७. नव्वदाचे सत्तावीस, म्हणजे सत्तर टक्के घट. पाढे पाठ असलेल्या कुणीही तपासून घ्यावं.

बाईंनी कागद पुढे ओढला आणि विचारलं, "जानेवारीत एकूण ऑर्डरी किती?" नववर्षाच्या तोंडावरचा महिना, साडेचार हजार. एप्रिलमध्ये? सत्तावीसशे. म्हणजे जानेवारीत शंभरातल्या दोन ऑर्डरी चुकत होत्या आणि एप्रिलमध्ये शंभरातली एक. ऑर्डरीच कमी झाल्या तर चुका कमी होणारच, त्याचं श्रेय आम्हाला कशाला? सत्तरचे पन्नास झाले.

दादा म्हणाले, "पन्नासही चांगलेच की. निम्म्या चुका गेल्या!" बाईंचा पुढचा प्रश्न आला, "मागच्या एप्रिलमध्ये?" बॉसच्या कारकुनानं फायली धुंडाळल्या. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये सव्वीसशे ऑर्डरी होत्या आणि त्यात ३९ चुका. म्हणजे दीड टक्का. आम्ही येण्याआधी, साध्या शांत महिन्यात, चुका दीड टक्का व्हायच्या आणि आता एक टक्का होतात. दर तीन चुकांतली एक गेली. पन्नासचे तेहतीस झाले.

कन्सल्टिंगच्या धंद्यातली ही झाकून ठेवलेली बाब आहे. आम्हाला कुणी सुखाच्या महिन्यात बोलावत नाही. सगळ्यात वाईट महिना आला की फोन येतो, आणि सगळ्यात वाईट महिन्यानंतरचा महिना बहुतेक वेळा आपोआपच बरा असतो. ताप चढल्याच्या रात्री वैद्य बोलवायचा आणि सकाळी उतरलेल्या तापाचं बिल वैद्यानं लावायचं, असल्या हिशोबावर कित्येक चकचकीत केस स्टड्या उभ्या आहेत. ओळखायची खूण सोपी. 'आधी' म्हणून एकच महिना दिला असेल तर समजावं की तो महिना निवडलेला आहे. तुलना करायची तर गेल्या वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी किंवा निदान वर्षभराच्या सरासरीशी, आणि मोजणी चुकांची नव्हे, ऑर्डरींमागे चुकांची करावी.

दादांना वाईट वाटलं. ते म्हणाले, "अहो, दूध आटवत आटवत भांड्यात राहिलं काय?" मी म्हटलं, "दादा, बासुंदी." सत्तर टक्के ऐकून कुणाही गोदामवाल्याची भुवई वर जाते. तेहतीस टक्के आणि त्याच्यामागचा सगळा हिशोब बघून तो खुर्ची पुढे ओढतो.

तेवढ्यानं दादा मानले नाहीत. त्यांनी मराठी माणसाचं ब्रह्मास्त्र काढलं, मुंबईचे डबेवाले. "त्यांच्या केस स्टडीत आकडा आहे ना? एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक! सिक्स सिग्मा! जग डोक्यावर घेऊन नाचलं!"

नाचलं खरं, पण त्या आकड्याची जन्मकथा फारच मजेशीर आहे. १९९८ मध्ये फोर्ब्समध्ये डबेवाल्यांवर लेख आला. लेखक सुब्रत चक्रवर्ती. रोज सुमारे पावणेदोन लाख डबे जातात, हे त्यांना कळलं होतं. त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, चूक किती वेळा होते? प्रमुख म्हणाले, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एखादी. चक्रवर्तींनी तिथेच गुणाकार केला. दोन महिन्यांचे कामाचे दिवस गुणिले पावणेदोन लाख, म्हणजे साधारण ऐंशी लाख डब्यांत एक चूक. आणि डबा परतही येतो, म्हणून फेऱ्या दुप्पट, एक कोटी साठ लाख. एवढंच. कुणी चुकांची वही तपासली नव्हती, कुणी सहा महिने स्टेशनवर बसून मोजणी केली नव्हती. 'सिक्स सिग्मा'चं प्रमाणपत्र तर फोर्ब्सनं दिलंच नव्हतं. तो शब्दच आपण वापरला नव्हता, असं चक्रवर्तींनी पुढे स्वतः सांगितलं. पण तोवर एका सद्गृहस्थाच्या 'फार तर एखादी'चं जागतिक विक्रमात रूपांतर झालं होतं आणि व्यवस्थापनाच्या व्याख्यानांतून तो आकडा जगभर फिरत होता.

यात डबेवाल्यांचा काहीच दोष नाही. त्यांना विचारलं, त्यांनी अंदाज सांगितला. तुमच्या-माझ्यासारख्याला 'घरी भांडण किती वेळा होतं' विचारलं तर आपणही 'फार तर एखादं' म्हणू. गंमत अशी, की डबेवाल्यांना त्या आकड्याची गरजच नव्हती. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० मध्ये त्यांच्यावर जी रीतसर केस लिहिली, तिचा जीव कामाच्या रचनेत आहे: झाकणावरच्या साध्या खुणा, लोकलच्या वेळेशी बांधलेला दिवस, गटातली जादा माणसं, आणि आपल्या गिऱ्हाइकाची ओळख. हे वाचून पटतं. एक कोटी साठ लाख वाचून फक्त तोंड उघडं राहतं, आणि उघडं तोंड लवकरच शंकेनं मिटतं.

दादा गप्प झाले. सांगलीचा माणूस डबेवाल्यांपुढे वाद घालत नाही.

मग प्रश्न आला आम्ही नेमकं केलं काय याचा. केस स्टडीत हा भाग बहुधा सगळ्यात धूसर असतो, कारण केलेलं काम साधं असतं आणि साधं काम सांगायची कन्सल्टंटला लाज वाटते. 'पुरवठा साखळीची समग्र पुनर्रचना' असं लिहिलं की भारदस्त वाटतं. खरं काम असं होतं. ऑर्डरी रात्री उशिरापर्यंत व्हॉइस मेसेजवर यायच्या आणि सुपरवायझर त्या ऐकून हातानं चिठ्ठ्या लिहायचा. आम्ही दुपारी चारची मुदत घालायला लावली आणि प्रत्येक ऑर्डर गिऱ्हाइकाला लेखी परत पाठवून 'बरोबर का' विचारायला सुरुवात केली. मोठे आणि लहान फिशबॉल एकाच फळीवर शेजारी होते, एकाच रंगाच्या पाकिटात. ते दोन वेगळ्या रांगांत हलवले. आणि माल गाडीत चढताना दुसऱ्या माणसानं चिठ्ठीशी ताडून पाहायचा. बस्स. एवढ्याला कन्सल्टंट कशाला, असं तुम्हाला वाटलं असेल. बॉसनाही वाटलं होतं. पण त्या फळीसमोरून ते कैक वर्षं रोज जात होते.

आणि एक गोष्ट आम्ही केली जी सपशेल पडली. बारकोड वाचणारी हातातली यंत्रं घ्यायला लावली. गोदामाचं तापमान उणे अठरा. कामगारांच्या हातात जाडजूड मोजे. त्या मोज्यांतून यंत्राच्या पडद्याला स्पर्शच कळेना. मोजे काढले तर बोटं कळेनात. यंत्रं खणात गेली आणि बॉसनी आम्हाला तो खण उघडून दाखवला, अगदी सस्मित.

दादा म्हणाले, "हे मात्र गाळू या." बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "ठेवू या." मीही बाईंच्या बाजूची होते. पानभर यशच यश वाचलं की वाचक आपोआप ती गाळलेली ओळ शोधू लागतो. आपणच ती दाखवली की त्याचं शोधणं थांबतं आणि बाकीच्या ओळींवर त्याचा विश्वास बसतो. शिवाय पुढचं गिऱ्हाईकही शीतगोदामवालाच असायची शक्यता. ती यंत्रं घेऊ नका एवढं त्याला फुकट कळलं तरी त्याचे पैसे वाचतील. याच न्यायानं आणखी एक कबुली घातली. त्याच काळात बॉसनी लोडिंगला एक जादा माणूस घेतला होता. चुका कमी झाल्या त्यात आमच्या सल्ल्याचा वाटा किती आणि त्या माणसाचा किती, हे वेगळं काढता येत नव्हतं. म्हणून दोन्ही लिहिलं.

उरली परवानगी. लोकांना वाटतं, फीडबॅक आपल्याला पाठवला म्हणजे तो आपला झाला. सिंगापूरचा २०१२ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा तसं मानत नाही. माहिती ज्या कारणासाठी घेतली असं सांगितलं, त्याच कारणासाठी वापरायची. आमच्या फॉर्मवर छापलं होतं, 'आमची सेवा सुधारण्यासाठी'. त्यातलं वाक्य नावासकट उचलून जाहिरातीत घालणं म्हणजे सेवा सुधारणं नव्हे. शिवाय इथल्या जाहिरातीच्या आचारसंहितेचंही म्हणणं असं, की शिफारस अस्सल हवी आणि देणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवातली हवी. म्हणून मी प्रत्येकाला लेखी तीन पर्याय देते: कंपनीचं आणि तुमचं अशी दोन्ही नावं घालू, नुसतं कंपनीचं घालू, की कुठलंच नको. आणि छापायचं वाक्य जसंच्या तसं दाखवून त्याच्याखाली होकार घेते. वाक्य लांब असेल तर छाटते, पण छाटल्यावर अर्थ वाकला नाही ना, हे बोलणाऱ्यालाच ठरवू देते.

सुपरवायझरला भेटले. त्याचा तो निरोप माझ्या दृष्टीनं आख्ख्या केस स्टडीचा मुकुटमणी होता. तो खूश झाला, लाजला, आणि मग दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, दहा वाजता असं नका लिहू."

"का? खरं आहे ना?"

"खरं आहे. पण बायकोला अजून अकराच माहीत आहे."

दहा ते अकरा हा माणूस खालच्या कोपीटियममध्ये एकटा बसतो. कोपी-ओ घेतो, फोनवर फुटबॉल बघतो, कुणाशी बोलत नाही. आमच्या सल्ल्यानं त्याला दिवसातला एक तास मिळवून दिला होता आणि त्यानं तो कुणालाही न सांगता स्वतःकडे ठेवला होता. आमच्या कामाची याहून मोठी पावती नाही आणि याहून न छापता येणारी पावतीही नाही. शेवटी वाक्य झालं, 'रात्रीचं काम आता लवकर संपतं.' तेज गेलं, संसार वाचला.

बॉसची अडचण वेगळी. स्कॅनरच्या फजितीवर त्यांचा काडीचाही आक्षेप नव्हता, ती आमची फजिती होती. त्यांनी बोट ठेवलं दीड टक्क्यावर. "माझ्या गिऱ्हाइकानं वाचलं तर म्हणेल, म्हणजे शंभरातल्या दीड वेळा तू मला चुकीचा माल देत होतास?" मुद्दा बिनतोड होता. केस स्टडीला अडचण लागते, आणि आमची अडचण म्हणजे त्यांची अब्रू. नाव काढू म्हटलं, 'उत्तर सिंगापूरमधली गोठवलेल्या मालाची एक वितरक कंपनी' असं लिहू. बॉस हसले. पूर्व-पश्चिम जेमतेम पन्नास किलोमीटरचं बेट, त्यात उत्तर भाग, त्यात गोठवलेला माल. एवढी खूण दिल्यावर नावाची गरज कुणाला? शेवटी 'खाद्यमालाची वितरक कंपनी' यावर ठरलं. टक्के काढले आणि 'गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत दर तीन चुकांमागे एक कमी' एवढं ठेवलं. मूळ आकडे कुणाला तपासायचे असतील तर बॉस स्वतः फोनवर सांगतील, असं त्यांनी आपणहून कबूल केलं. छापील नावापेक्षा असा एक फोन जास्त काम करतो.

तर अशी दोन पानं तयार झाली. वर मथळा, उद्गारचिन्हाविना. मग गिऱ्हाईक कोण आणि त्याला कुठे ठेच लागली. मग त्याची शंका, त्याच्याच शब्दांत. मग काय केलं, काय जमलं, काय नाही जमलं, हिशोब कसा मांडला. आमच्या कंपनीचं नाव पहिल्या पानावर एकदाच येतं, तेही बॉसच्या तोंडून, त्या स्लाइड-आणि-बिलाच्या वाक्यात. दादांनी दोन पानं वाचली, उसासा टाकला आणि म्हणाले, "अहो, यात आपण फार हुशार दिसत नाही." बाई म्हणाल्या, "बॉस दिसतात." त्यावर दादांनी सही केली.

परवा जुराँगमधल्या एका शीतगोदामाच्या मालकांनी ती वाचली. 'दर तीन चुकांमागे एक कमी'बद्दल काही विचारलं नाही. पहिलाच प्रश्न केला, "ती यंत्रं कुठल्या कंपनीची होती? मी पुढच्या महिन्यात तीच घेणार होतो." काम मिळालं का म्हणाल, तर ते अजून 'विचार करून कळवतो'वर आहेत. पण त्यांनी बॉसचा नंबर मागून घेतला.

तुमच्याकडेही गिऱ्हाइकांच्या कौतुकाची अशी फाइल असेलच. विशेषणं बाजूला काढा, घटना शोधा, 'आधीचा' महिना कुणी आणि का निवडला ते विचारा, जे जमलं नाही तेही लिहा, आणि छापण्याआधी माणसाला विचारा. आकडा लहान होईल. होऊ द्या. वाचणाऱ्याला लहान आकडा चालतो, फसवलं गेल्याची शंका चालत नाही.